ढेकणांची फवारणी: भेट पक्की झाल्यावर काय झाकायचं, किती वेळ बाहेर राहायचं, कधी परतायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं काम ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातलं. भेटीच्या आदल्या दिवशी आम्ही प्रत्येक घरी खात्रीचा मेसेज पाठवतो आणि त्यानंतर तासाभरात फोन सुरू होतात. बहुतेक प्रश्न त्याच मेसेजमधल्या ओळींवरचे असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं ढेकणांच्या फवारणीबद्दल आहेत, कारण घर सोडावं लागतं ते मुख्यतः त्यातच. इतर कामांपुरतं दुसऱ्या प्रश्नात पाहा.

१. मेसेजमध्ये नेमकं काय काय लिहिलेलं असायला हवं?

कंपनी कोणतीही असो, पाच गोष्टी लेखी मिळाल्या पाहिजेत: कोणत्या खोल्या फवारणार, कोणतं औषध वापरणार, काय झाकायचं आणि काय झाकायचं नाही, काम संपल्यापासून किती तास बाहेर राहायचं, आणि दुसरी भेट कधी. आमचा मेसेज साधारण असा असतो:

> नमस्कार. ढेकणांच्या फवारणीची पहिली भेट शनिवारी सकाळी १० वाजता. दोन्ही बेडरूम आणि हॉल. औषध: लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन, पाण्यात मिसळून. बेड, गादी आणि सोफा झाकू नका, फक्त मोकळे करून ठेवा. पिण्याचं पाणी, अन्न, भांडी, देवघर, खेळणी झाकून किंवा बाजूला ठेवा. काम संपल्यापासून ४ तास घर बंद, मग १ तास खिडक्या उघड्या. लहान बाळ, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण असल्यास २४ तास. घरात मासे, मांजर, पक्षी असतील तर आजच कळवा. दुसरी भेट १५ दिवसांनी.

तुमच्याकडे फक्त "उद्या १० ला येतो" एवढंच आलं असेल, तर फोन करून बाकीचं विचारून घ्या. औषधाचं नाव तर हवंच. घरी कुणाला त्रास झाला तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि "पेस्ट कंट्रोलचं औषध" या उत्तरावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.

२. मागच्या वर्षी झुरळांसाठी माणूस आला तेव्हा आम्ही घरातच होतो. आता बाहेर का जायचं?

झुरळांसाठी हल्ली बहुतेक ठिकाणी जेल लावतात. सिंकखाली, ओट्याच्या कोपऱ्यात, कपाटाच्या बिजागरीपाशी थेंब थेंब ठेवायचे, झुरळ ते खाऊन मरतं. त्यात हवेत काहीच उडत नाही, म्हणून घर सोडायची गरज पडत नाही. ढेकूण मात्र जेल खात नाही. तो फक्त रक्त पितो. त्यामुळे त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणि लपायच्या फटींमध्ये औषध फवारून ठेवावं लागतं. फवारताना बारीक तुषार हवेत राहतात आणि पृष्ठभाग काही तास ओले असतात. तेवढा वेळ तुम्ही आत नसावं, एवढंच यामागचं कारण आहे.

३. चार तास म्हणजे कधीपासून? सकाळी १० ची वेळ आहे, मग २ ला परत येऊ का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तास मोजायचे ते काम संपल्यापासून, आमच्या येण्याच्या वेळेपासून नाहीत.

डोंबिवलीतल्या एका टू-बीएचकेचं उदाहरण घ्या. घरात आई, वडील, आजी आणि नऊ महिन्यांचं बाळ. माणूस १० ला आला. बेड उघडणं, प्लायच्या जोडांत टॉर्चने पाहणं, फ्रेमचे स्क्रू सैल करणं यात पाऊण तास गेला, मग फवारणी. शेवटची खोली संपली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तिथून चार तास म्हणजे सव्वातीन. सव्वातीनला फक्त वडील आत गेले, सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे पूर्ण वेगाने लावले आणि ते पुन्हा बाहेर येऊन थांबले. सव्वाचारला त्यांनी गादीच्या कडेला आणि भिंतीच्या तळाशी हात न लावता नीट पाहिलं. कुठेही ओलसर चमक नव्हती, वासही राहिला नव्हता. मग आई आणि आजी आल्या. बाळ त्या रात्री मावशीकडे राहिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलं. २ वाजता सगळे परतले असते, तर गाद्यांच्या शिवणी अजून ओल्या असत्या.

काम संपलं की आमचा माणूस दारातच वेळ लिहून तुम्हाला पाठवतो. त्याने पाठवली नाही तर मागा. तुमचं घड्याळ त्या वेळेपासून सुरू होतं.

४. चारच तास का? कुणी दोन सांगतं, कुणी सहा.

वाळायला लागणाऱ्या वेळेवर सगळं अवलंबून असतं. हे औषध पाण्यात मिसळून फवारलेलं असतं. पाणी उडून गेलं की औषधाचा पातळ थर पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि हाताला, कपड्याला सहज लागत नाही. ओलं असताना मात्र ते लागतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवशी लाकूड दोन-अडीच तासांतही वाळतं. जुलैत, बाहेर धो धो पाऊस असताना, तेच लाकूड पाच तासांनी हाताला दमट लागतं. म्हणून आम्ही एरवी चार तास सांगतो आणि पावसाळ्यात सहा. औषधाच्या लेबलवर याहून जास्त वेळ लिहिला असेल तर लेबलचं ऐकायचं, आमचं नाही.

परतल्यावर काही ओलं दिसलं, तर मेसेजमधले तास पूर्ण झाले असले तरी पुन्हा बाहेर पडा आणि आणखी एक तास थांबा.

५. झाकायचं नक्की काय?

तोंडात जाणारं आणि तोंडाजवळ येणारं सगळं. पिण्याच्या पाण्याचा माठ, पिंप, भरलेल्या बाटल्या, फळांची टोपली, पोळ्यांचा डबा, बाथरूममधले टूथब्रश, बाळाच्या बाटल्या, चोखणी, खेळणी. ढेकणांच्या कामात आम्ही स्वयंपाकघर सहसा फवारत नाही, त्यामुळे हे सगळं तिथे नेऊन दार लावून घेतलं की अर्धं काम होतं. दार नसलेलं, हॉलला जोडून असलेलं स्वयंपाकघर असेल तर ओट्यावर प्लास्टिक अंथरावं लागेल.

प्लास्टिक म्हणतो ते जाड हवं, रंगकाम करताना वापरतात तसलं. पुष्कळ घरी चादर किंवा वर्तमानपत्र टाकलेलं दिसतं. कापड आणि कागद तुषार शोषून घेतात, आणि संध्याकाळी तुम्ही तीच चादर उचलून घडी करता. त्यापेक्षा न झाकलेलं बरं.

देवघर बेडरूममध्ये किंवा हॉलमध्ये असेल तर समई आणि निरांजन आधी विझवा, फुलं आणि नैवेद्य काढून घ्या आणि वरून प्लास्टिक सोडा. मूर्तींना आम्ही हात लावत नाही, ते तुम्हीच करा. कुठलीही ज्योत, उदबत्ती, गॅसचा पायलट पेटता नको.

टीव्ही आणि कॉम्प्युटर बंद करून झाका. फ्रिज स्वयंपाकघरात असेल तर चालू राहू द्या. फवारायच्या खोल्यांतले पंखे आणि एसी मात्र बंदच हवेत. चालू एसी तुषार आत ओढून घेतो आणि मग चार दिवस वास देत राहतो.

६. आणि झाकायचं नाही असं काय? गादीवर प्लास्टिक टाकून ठेवलं तर चालेल ना?

नाही चालणार, आणि हे आम्ही कळकळीने सांगतो. गादीच्या शिवणी, बेडच्या फळ्यांचे जोड, हेडबोर्डची मागची बाजू, सोफ्याच्या तळाचं कापड या ढेकणांच्या मुख्य वस्त्या आहेत. काळजीपोटी कुणी गादी प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवतं आणि आमच्या माणसाला तासभर ते सोडवत बसावं लागतं. नवखा माणूस असला तर तो वरवर फवारून निघून जातो, तुमचे पैसे वाया जातात आणि औषध उगाच घरात येतं.

बेड, गादी, सोफा हे मोकळे हवेत. अंथरूण, पांघरूण, उशांचे अभ्रे काढा. बॉक्स बेड असेल तर आतलं सामान काढून ठेवा, कारण ढेकूण वरच्या गादीत जेवढे असतात तितकेच खालच्या बिजागरीपाशी सापडतात. बेड भिंतीपासून हातभर पुढे ओढा. भिंतीवरची फ्रेम, कॅलेंडर, घड्याळ उतरवा. त्यांच्या मागे काळे ठिपके दिसले तर पुसू नका, आमच्या माणसाला दाखवा. ती ढेकणांची विष्ठा असते आणि त्यावरून त्यांची वस्ती कुठे आहे ते कळतं.

७. काढलेले कपडे, चादरी, बॉक्स बेडमधलं सामान कुठे ठेवायचं? शेजारच्या खोलीत हलवू का?

हलवू नका. बाधित खोलीतली गाठोडी दुसऱ्या खोलीत गेली की ढेकूणही सोबत जातात. त्याच खोलीत मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा आणि तोंड गाठ मारून बंद करा. धुण्यासारखं असेल ते पिशवी बांधूनच मशीनपर्यंत न्या आणि ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. त्या तापमानाला ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. थंड पाण्यात धुतल्याने याची खात्री देता येत नाही. रिकामी पिशवी पुन्हा गाठ मारून थेट कचऱ्यात टाका.

गच्चीवर उन्हात टाकण्याबद्दल दर उन्हाळ्यात विचारणा होते. पातळ चादरीला कडक उन्हाचा उपयोग होतो. गादीला फारसा होत नाही, कारण वरचा कापूस तापतो आणि ढेकूण खालच्या थंड बाजूला सरकतात. शिवाय गादी जिन्यातून नेताना ढेकूण वाटेत सांडतात, आणि मग खालच्या मजल्यावरचे आम्हाला फोन करतात.

८. चार-पाच तास नातेवाइकांकडे जाऊ. आमच्याबरोबर ढेकूण त्यांच्याकडे गेले तर?

शक्यता आहे, आणि थोड्या तयारीने ती बरीच कमी होते. ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही, तो सामानात राहतो. निघताना नुकतेच धुऊन वाळवलेले कपडे घाला, बेडवर पडलेली पर्स किंवा सॅक नेऊ नका, छोटी पिशवी घ्या आणि तिचा तळ तपासा. बाळाला रात्रभर ठेवायचं असेल तर त्याची रोजची गोधडी न्यायची नाही. डोंबिवलीच्या त्या घरात आईने बाळाची दुपटी आदल्या रात्री गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून, बंद पिशवीत स्वयंपाकघरात ठेवली होती. हे जमण्यासारखं आहे.

९. बाळ, गरोदर बाई, दमा असलेले आजोबा. यांच्यासाठी वेगळे तास का?

रांगतं बाळ जमिनीला आणि बेडच्या कडेला हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. त्याच्या वजनाच्या मानाने थोडंही औषध जास्त ठरतं. दम्याच्या रुग्णाला विषाचा प्रश्न बाजूलाच, नुसत्या वासाने आणि तुषारांनी धाप लागू शकते. गरोदरपणात आम्ही कुठलीच जोखीम घेत नाही. म्हणून या तिघांसाठी २४ तास. काही घरांना हे अति वाटतं, पण यात सूट मागू नका, आम्ही देत नाही. दम्याचा पंप आणि रोजची औषधं सकाळीच बरोबर घ्या, म्हणजे प्रश्न १३ ची वेळ येणार नाही.

कुणाला त्या दिवशी ताप किंवा खोकला असेल तर भेट पुढे ढकला. आदल्या रात्री कळवलं तरी चालतं.

१०. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. त्यांना हलवता येत नाही.

मग त्या घरात नेहमीची फवारणी करायची नाही. शेजारच्या खोलीत ठेवून दार लावू, खाली ओलं फडकं लावू, असं सुचवणारे भेटतील. ते मानू नका. अशा घरी आम्ही त्यांच्या खोलीत औषधाविना काम करतो: व्हॅक्युम क्लीनरने शिवणी ओढून घेणं आणि वाफेच्या यंत्राने जोड हळूहळू भाजून काढणं. वाफ जिथे पोहोचते तिथली अंडीसुद्धा मरतात, पण मागे औषधाचा थर राहत नसल्यामुळे तीन-चार वेळा यावं लागतं. वेळ जातो, खर्चही वाढतो. त्या माणसाला दोन दिवस दुसरीकडे नेण्याची सोय पुढे-मागे होणार असेल, तर फवारणी तेव्हाच ठेवावी.

११. फिश टँक आहे. नुसता झाकला तर पुरेल?

लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनच्या गटातली औषधं माशांना अतिशय घातक असतात, पाण्यात अगदी थोडी उतरली तरी. शक्य असेल तर मासे बादलीत घालून घराबाहेर, शेजाऱ्यांकडे न्या. टँक हलवता येत नसेल तर हवेचा पंप बंद करायचा, कारण तो खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. वर जाड प्लास्टिक घालून कडा टेपने बंद करायच्या, आणि खोली हवेशीर होताच प्लास्टिक काढून पंप सुरू करायचा. पंप बंद असताना माशांना पाण्यातल्या प्राणवायूवर राहावं लागतं, म्हणून गच्च भरलेल्या टँकला हा उपाय चालत नाही.

आमच्या कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका घरी आम्ही पंपाबद्दल विचारायचं विसरलो. टँक व्यवस्थित झाकला होता, पंप चालू राहिला, आणि संध्याकाळी त्या घरातल्या मुलीचे सगळे मासे मेलेले होते. चूक आमची होती. "मासे, मांजर, पक्षी असतील तर आजच कळवा" ही ओळ त्या दिवसापासून मेसेजमध्ये आहे.

१२. मांजर, कुत्रा, पोपट?

मांजरांचं शरीर ही औषधं नीट मोडू शकत नाही आणि मांजर अंग चाटून स्वच्छ करतं, त्यामुळे तिला २४ तास बाहेर ठेवायचं. कुत्र्याला घरातल्या मोठ्यांइतकाच वेळ, पण त्याचं अंथरूण धुऊन घ्या आणि खाण्याचं भांडं उचलून ठेवा. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला नुसत्या तुषारांचाही त्रास होतो. त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून भागत नाही, पिंजराच घराबाहेर न्या आणि दुसऱ्या दिवशी आणा.

१३. काहीतरी आत राहिलं. दोन तासांनी पटकन जाऊन आणू का?

राहिलेली वस्तू औषध किंवा कागदपत्रं असेल तर आम्हाला फोन करा. माणूस जवळपास असेल तर तो हातमोजे आणि मास्क घालून आणून देतो. तुम्हीच जाणं भाग असेल तर एकट्या मोठ्या माणसाने जावं, बूट घालून, कशालाही हात न लावता, आणि लगेच बाहेर पडावं. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्याच्या भरवशावर आत रेंगाळू नका. फरशी ओली असते, घसरायला होतं. बाहेर आल्यावर हात साबणाने धुवा आणि बुटांचे तळवे पुसून घ्या.

१४. परतल्यावर आधी काय करायचं? सगळं घर फिनाईलने पुसून काढू?

हात लागणाऱ्या जागा तेवढ्या पुसा: जेवणाचं टेबल, ओटा, दारांच्या कड्या, स्विच, बाळाची खुर्ची. पुसायला साबणाचं पाणी पुरे. झाकलेलं प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडत काढा आणि फेकून द्या.

फरशी पहिले २४ तास पुसू नका. नंतर मधला भाग ओल्या फडक्याने पुसा, पण भिंतीपासून एक वीत सोडा, आणि बेडचे पाय, हेडबोर्ड, गादीच्या शिवणी तर दुसऱ्या भेटीपर्यंत अजिबात पुसू नका. फवारणीच्या दिवशी जेवढे ढेकूण मरतात त्याहून पुष्कळ नंतर त्या वाळलेल्या थरावरून चालताना मरतात. फिनाईल टाकून घासलं की तो थर जातो. दुसऱ्या भेटीला आम्ही जातो तेव्हा कोपरे लख्ख असलेली घरं आणि ढेकूण तसेच असलेली घरं बहुधा एकच निघतात.

१५. त्या रात्री कुठे झोपायचं? काही दिवस हॉलमध्येच झोपावं म्हणतो.

आपल्याच बेडवर झोपा. गादी पूर्ण वाळली आहे हे पाहून स्वच्छ चादर घाला. आम्ही गादीच्या शिवणी, कडा आणि खालची बाजू फवारतो, अंग टेकायचा सपाट भाग सोडतो.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खोली सोडून गेलात तर उपचार बिघडतो. ढेकूण श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ओळखून माणसाकडे येतो. तुम्ही बेडवर असाल तर त्याला फवारलेल्या फ्रेमवरून चढावं लागतं आणि तिथे तो मरतो. हॉलमध्ये झोपलात तर तो हळूहळू हॉलकडे सरकतो. सगळं घर आठ-दहा दिवस गावी गेलं, तर तो फटीत उपाशी बसून राहतो. ढेकूण काही महिने रक्ताविना राहू शकतो. म्हणून सुट्टीला जायच्या आदल्या दिवशी फवारणी ठेवू नका. बाळ, गरोदर बाई आणि दम्याचा रुग्ण यांना मात्र प्रश्न ९ चाच नियम.

१६. फवारणीनंतर आठव्या दिवशी बारीक, पांढुरके ढेकूण दिसले. औषध भेसळीचं होतं का?

ती नुकत्याच फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं आहेत. अंडी फटीत चिकटवलेली असतात आणि फवारणीने बहुतेक मरत नाहीत. आपल्याकडच्या हवेत ती साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. दुसरी भेट म्हणूनच १५ दिवसांनी असते: तोपर्यंत सगळी अंडी फुटून पिल्लं बाहेर आलेली असतात आणि त्यातलं कुणीही वाढून नवी अंडी घालण्याइतकं मोठं झालेलं नसतं. त्याच आठवड्यात घाबरून दुकानातला स्प्रे मारू नका. त्याने ढेकूण पांगतात आणि आमच्या थरापासून दूर जातात.

दुसऱ्या भेटीच्या वेळी झाकणं, बाहेर राहणं, परतणं सगळं पहिल्यासारखंच. त्यानंतर दोन आठवड्यांनीही जिवंत ढेकूण दिसले तर कळवा. तेव्हा औषधाचा गट बदलावा लागतो, कारण काही वस्त्यांना नेहमीची औषधं लागू पडत नाहीत.

१७. औषधाला वासच नव्हता. काम झालं कसं म्हणायचं?

वासावरून जोर ठरत नाही. पूर्वीच्या फवारणीचा जो डोकं उठवणारा वास अनेकांना आठवतो, तो पुष्कळदा डायक्लोरव्हॉसचा असायचा. त्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. आजही कुणी तसल्या वासाचं औषध आणून "हे जुनं, स्ट्राँग आहे" म्हणत असेल तर त्याला घरात घेऊ नका. बाटली दाखवायला सांगा. लेबलवर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. व्यावसायिक फवारणीसाठी परवाना लागतो आणि तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

१८. परतल्यावर चेहरा चुरचुरतोय, खोकला येतोय. काय करू?

ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या, खिडक्या उघड्या ठेवून. चेहरा आणि हात साबणाने भरपूर पाण्यात धुवा, तेल लावू नका, कपडे बदला. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिनच्या गटातल्या औषधांनी त्वचेवर मुंग्या किंवा चुरचुर होते आणि ती सहसा दिवसभरात जाते. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा. धाप लागत असेल, उलट्या होत असतील, किंवा त्रास बाळाला असेल तर वाट न पाहता दवाखान्यात जा, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. मेसेजमधलं औषधाचं नाव डॉक्टरांना दाखवा.

१९. आमच्या घरी काहीच काम नाही, पण वरच्या किंवा शेजारच्या फ्लॅटमध्ये आहे. आम्हीही बाहेर जायचं का?

इथे लिहिलेल्या पाण्यातल्या फवारणीसाठी नाही. तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी बंद ठेवा, बास. शक्य असेल तर शेजाऱ्यांना त्यांच्याकडे काय सापडलं ते विचारा, कारण ढेकूण भिंतीतल्या वायरच्या पाइपांमधून सरकतात.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे. काही ठिकाणी ढेकणांसाठी घरात गोळ्या किंवा पावडर ठेवून फ्लॅट बंद करतात. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. हे औषध धान्याच्या गोदामांसाठी आहे, त्याच्या विक्री-वापरावर कायद्याने कडक निर्बंध आहेत, आणि राहत्या इमारतीत त्याला जागाच नाही. हा वायू फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरात जातो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. त्यावर उतारा नाही. शेजारी "गोळ्या ठेवून गावी गेलेत" असं कळलं, किंवा लसणासारखा, कुजलेल्या माशासारखा वास आला, तर खिडकी उघडून वाट बघत बसू नका. घरातल्या सगळ्यांना, आणि मजल्यावरच्या इतरांनाही उठवून खाली या. मग ११२ ला फोन करा आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा. वास आला नाही म्हणजे वायू नाही असंही नाही, म्हणून घरात एकाच वेळी दोघा-तिघांना मळमळ आणि चक्कर आली तरी हेच करा. डॉक्टरांना "शेजारी गोळ्या ठेवल्या होत्या" हे पहिल्या वाक्यात सांगा, नाहीतर ते अन्नातून विषबाधा समजून उपचार सुरू करण्याची शक्यता असते.

२०. भाड्याचं घर आहे. मालक म्हणतात, तुम्ही घरात असतानाच उरकून टाकू, तासाभराचं तर काम आहे.

त्यांना आमचा खात्रीचा मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवा. काम तासाभराचं असेल, वाळायचे चार तास वेगळे. घरात माणसं असतील तर आमचा माणूस पंप उघडत नाही, परत निघून येतो. त्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही, नवी तारीख देतो.